सिनॅप्सपूर्व रोध, अभिसरण, अपसरण आणि विद्युत सिनॅप्स : क्रेफिशच्या शेपटीचा झटका

दोन चेतापेशी एकमेकींना जिथे भिडतात त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. अनेक चेतापेशींचे धागे एकाच पेशीवर येऊन मिळाले की ते अभिसरण. रक्ताभिसरणातल्या शब्दाशी त्याचा संबंध नाही. अभिसारी भिंगात किरण एकत्र येतात, तसा इथला अर्थ. एका पेशीचा निरोप अनेक पेशींकडे फुटला की ते अपसरण. विद्युत सिनॅप्समध्ये गॅप जंक्शन नावाच्या सूक्ष्म नळ्यांतून एका पेशीतला विद्युतप्रवाह सरळ दुसरीत उतरतो, मध्ये रसायनाचा टप्पा नसतो. सिनॅप्सपूर्व रोधात निरोप घेणाऱ्या पेशीला कुणी हात लावत नाही, निरोप देणाऱ्या धाग्याच्या टोकालाच आवळले जाते. या चारही गोष्टी एकाच छोट्या मंडलात, एकाच हालचालीसाठी काम करताना पाहायच्या असतील, तर क्रेफिशच्या शेपटीइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

क्रेफिश हा गोड्या पाण्यातला, शेवंड आणि कोळंबीच्या नात्यातला कवचधारी प्राणी आहे. त्याच्या पोटावर, म्हणजे आपण शेपूट म्हणतो त्या भागावर, अचानक टिचकी बसली की पोट आत वळते, मागचा भाग वर उचलला जातो आणि प्राणी कोलांटी घेतल्यासारखा वर निसटतो. टिचकी बसल्यापासून साधारण 10 मिलिसेकंदांच्या आत स्नायूंना आवेग, म्हणजे चेतापेशीतून धावणारा विजेचा क्षणिक ठोका, पोचलेला असतो. 1947 मध्ये विर्स्मा यांनी दाखवले की पोटातून जाणाऱ्या एकाच जाड अक्षतंतूत, म्हणजे चेतापेशीच्या लांब धाग्यात, एकच आवेग सोडला तरी ही सगळी हालचाल घडते. डाव्या-उजव्या बाजूंना असलेल्या या दोन तंतूंना पार्श्व महातंतू म्हणतात. समोरून हल्ला झाला तर मध्य महातंतू नावाची दुसरी जोडी कामाला लागते आणि प्राणी मागे उसळतो. या नोंदीत पार्श्व महातंतूचाच विचार केला आहे.

निरोप गोळा होतो : अभिसरण

पोटाच्या आणि शेपटीच्या पंख्याच्या कवचावर बारीक केस असतात. पाणी हलले की केस वाकतो आणि त्याच्या बुडाशी असलेली संवेदी चेतापेशी आवेग पाठवते. अशा शेकडो पेशींचे धागे महातंतूकडे दोन वाटांनी येतात. काही धागे थेट महातंतूवर विद्युत सिनॅप्स करतात. बाकीचे आधी मधल्या चेतापेशींवर येतात आणि त्या मधल्या पेशी पुढे महातंतूला मिळतात. संवेदी धागा आणि मधली पेशी यांच्यातला सिनॅप्स मात्र रासायनिक आहे. हा एक तपशील लक्षात ठेवावा, पुढची सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

एका केसाच्या आवेगाने महातंतूत उठणारी लाट फार लहान असते. महातंतू पेटायला विजेच्या दाबाचा एक उंबरठा ओलांडावा लागतो आणि तो ओलांडायला पुष्कळ लहान लाटा एकावर एक चढाव्या लागतात. प्राणी जोराच्या प्रवाहात उभा असला तरी केस वाकतातच, पण ते मागेपुढे, आपापल्या वेळेला वाकतात. टिचकीने मात्र ते एकदम वाकतात. या फरकाची पारख विद्युत सिनॅप्समुळे आणखी कडक होते. इथले गॅप जंक्शन दोन बाजूंच्या दाबातल्या फरकावर उघडझाप करते. आधीच्या लाटेने महातंतूचा दाब चढलेला असला, तर उशिरा आलेल्या आवेगाला ते नीट वाट देत नाही. एकाच वेळी आलेल्यांची बेरीज होते आणि रेंगाळून आलेले बाहेर राहतात. अभिसरण म्हणजे फनेलमध्ये पाणी ओतण्यासारखी साधी बेरीज, अशी समजूत पुष्कळदा आढळते. इथे मात्र कोण केव्हा आले याला किती आले याइतकेच वजन आहे.

फुटतो कसा : गॅप जंक्शन आणि अपसरण

महातंतू दिसायला सलग असला तरी तो एका पेशीचा नाही. पोटाच्या प्रत्येक खंडात प्रत्येक बाजूला एक स्वतंत्र पेशी आहे. तिचा अक्षतंतू पुढच्या खंडातल्या पेशीला तिरक्या पडद्याशी भिडतो, आणि त्या पडद्यात गॅप जंक्शनांची दाटी असते. एका खंडात पेटलेला आवेग त्यातून पुढे धावतो. ही साखळी इतकी घट्ट आहे की शरीरक्रियेच्या हिशोबात महातंतू एकच मानला तरी चालतो.

नळीची रचना अशी असते. समोरासमोरच्या दोन पडद्यांतून अर्धी-अर्धी नळी येते आणि दोन्ही जुळून एक पूर्ण मार्ग तयार होतो. तिथे पेशींमधले अंतर 2 ते 4 नॅनोमीटर इतकेच उरते. रासायनिक सिनॅप्समध्ये ते 20 ते 40 नॅनोमीटर असते. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत या नळ्या कॉनेक्झिन प्रथिनांच्या असतात, तर क्रेफिशसारख्या प्राण्यांत इनेक्झिन नावाच्या वेगळ्याच प्रथिनकुळातल्या. बांधणी सारखी, पण वंश वेगळा.

महातंतू प्रत्येक खंडात पोट वाकवणाऱ्या स्नायूंच्या प्रेरक चेतापेशींना निरोप देतो. त्यांतली सर्वांत मोठी महाप्रेरक पेशी. 1950 च्या दशकात सगळे सिनॅप्स रासायनिकच असतात असे मत जवळजवळ पक्के होत आले होते. त्याच वेळी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एडविन फर्शपान आणि डेव्हिड पॉटर यांनी महातंतू आणि महाप्रेरक पेशी या दोन्हींत सूक्ष्म इलेक्ट्रोड घातले. 1957 मध्ये त्यांनी थोडक्यात आणि 1959 मध्ये सविस्तर मांडले ते असे : महातंतूतला आवेग पलीकडे पोचायला साधारण 0.1 मिलिसेकंद लागतो. रासायनिक सिनॅप्सला अर्धा मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त लागतो. शिवाय महातंतूचा दाब चढवला की प्रवाह प्रेरक पेशीत जातो, पण प्रेरक पेशीचा चढवला तर तो उलट फिरत नाही. विजेच्या मंडलातला डायोड जसा एकदिशा असतो, तसाच हा सांधा निघाला.

ही एकदिशा वाट हौसेची नाही. प्रेरक पेशी इतर कारणांनीही पेटू शकते, आणि तिचा प्रवाह महातंतूत शिरला असता तर एका स्नायूच्या हालचालीने सबंध पळ सुटली असती. अपसरणात फांद्यांचा निरोप खोडाकडे परत येऊ न देणे हे निम्मे काम आहे.

महातंतू सगळ्या खंडांना सारखाच निरोप देत नाही हेही पाहण्यासारखे आहे. पुढच्या खंडांत तो महाप्रेरक पेशीला पेटवतो, शेपटीकडच्या खंडांत पेटवत नाही. म्हणून पुढचा भाग वाकतो, मागचा ताठ राहतो, आणि जोर खाली लागून प्राणी वर उसळतो. मध्य महातंतू मागच्या खंडांनाही पेटवतो, म्हणून त्या वेळी झेप मागे जाते. उडीची दिशा अपसरणाच्या नकाशातच ठरलेली आहे.

वेगाच्या बदल्यात विद्युत सिनॅप्स काही गोष्टी गमावतो. तो आवेगाला उलट अर्थ देऊ शकत नाही, म्हणजे पलीकडच्या पेशीला शांत करायचे असेल तर साधारणपणे रसायनच लागते. लहान पेशीकडून फार मोठ्या पेशीकडे जाताना त्याचा प्रवाह पातळ होतो. आणि वापरानुसार तो रासायनिक सिनॅप्सइतका सहज बदलत नाही.

स्वतःच्याच उडीचा गोंधळ : सिनॅप्सपूर्व रोध

मिनिटाला एक अशा टिचक्या मारत राहिले तर थोड्याच वेळात प्राणी उडी मारेनासा होतो. याला सवय लागणे म्हणतात. स्नायू थकलेले नसतात आणि महातंतूही ठणठणीत असतो. दमतो तो संवेदी धागा आणि मधली पेशी यांच्यातला रासायनिक सिनॅप्स : प्रत्येक खेपेला त्यातून कमी रसायन सुटते.

आता अडचण पाहा. उडी मारताना शेपूट पाण्यात जोरात आपटते आणि तिच्यावरचे सगळे केस सपाटून वाकतात. टिचकीपेक्षा कितीतरी मोठा आवेगांचा लोंढा त्याच धाग्यांतून येतो. त्यामुळे दोन तोटे व्हायला हवेत : प्राणी स्वतःच्याच पाण्याला शत्रू समजून पुन्हा उडेल, आणि त्या लोंढ्याने रासायनिक सिनॅप्स दमून खरा शत्रू आल्यावर गप्प बसेल.

तसे होत नाही. महातंतू पेटला की काही मिलिसेकंदांत त्याच्याच अपसरणाची एक फांदी संवेदी धाग्यांच्या टोकांवर रोध टाकते. 1973 मध्ये क्रास्न आणि ब्रायन यांनी महातंतूला आधी पेटवून मग संवेदी धाग्यांना चेतवले. रासायनिक सिनॅप्स एरवी दमायला हवे होते, या क्रमाने चेतवले तेव्हा ते बचावले. पाठोपाठ केनेडी, कॅलाब्रेस आणि वाइन यांनी धाग्यांच्या टोकांतला रोधाचा विद्युत माग टिपला.

घडते ते असे. रोधक पेशी गाबा हे रसायन टोकावर सोडते आणि तिथली क्लोराइडची दारे उघडतात. टोकाचा दाब किंचित चढतो, पडदा गळका होतो, आणि येणारा आवेग बुटका पडतो. आवेग बुटका म्हणजे टोकात कॅल्शियम कमी शिरते. कॅल्शियम कमी म्हणजे रसायनाच्या पुड्या कमी फुटतात.

पुड्या कमी झाल्या, का पलीकडची पेशी बधिर झाली, हे वेगळे कसे काढायचे? 1961 मध्ये डुडेल आणि कुफ्लर यांनी क्रेफिशच्याच नांगीतल्या स्नायूवर हे सोडवले. त्या स्नायूला एक चेतवणारा आणि एक रोधणारा अक्षतंतू मिळतो, म्हणून हिशोब स्वच्छ राहतो. समजा, चेतवणाऱ्या तंतूच्या 100 आवेगांना एकूण 200 पुड्या फुटल्या, म्हणजे सरासरी 2. रोधक तंतू काही मिलिसेकंद आधी पेटवल्यावर त्याच 100 आवेगांना 50 पुड्या फुटल्या, पण एकेका पुडीने स्नायूत उठणारी लाट पहिल्याइतकीच राहिली. स्नायू बधिर झाला असता तर उलट दिसले असते : पुड्या 200 च, पण प्रत्येकीची लाट लहान. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण प्रत्यक्ष निष्कर्ष हाच निघाला, पुड्यांची संख्या घटते आणि आकार टिकतो. रोधक आवेग उशिरा आला तर मात्र हा परिणाम दिसत नाही, कारण तोवर पुड्या फुटून गेलेल्या असतात.

सिनॅप्सपूर्व रोधाचे खरे मोल त्याच्या नेमकेपणात आहे. मधली पेशी दाबून टाकली तर तिच्याकडे येणाऱ्या सगळ्याच वाटा बंद होतात. टोक दाबले तर तेवढी एक वाट बंद होते आणि पेशी बाकीच्यांसाठी जागी राहते. शिवाय रसायन सुटतच नाही म्हणून साठा शाबूत राहतो. पलीकडच्या पेशीला दाबून हा दुसरा फायदा कधीच मिळाला नसता.

ओळखण्याच्या खुणा

सिनॅप्स विद्युत आहे की रासायनिक हे केवळ विलंबावरून ठरवू नये. उबदार शरीरात जलद रासायनिक सिनॅप्सचा विलंबही फार खाली येतो. बाहेरच्या द्रवातले कॅल्शियम काढले की रासायनिक सिनॅप्स गप्प होतो, विद्युत चालू राहतो. आवेग न उठवणारा हलका प्रवाह एका पेशीत दिला आणि तो दुसरीत दिसला, तर मधे नळ्या आहेत हे जवळजवळ निश्चित. नळीतून जाण्याइतका लहान रेणू असलेला रंग एका पेशीत भरून तो शेजारणीत उतरतो का, हेही पाहतात, पण रंग न उतरणे म्हणजे नळ्या नसणे असे नव्हे; काही नळ्या प्रवाह जाऊ देतात आणि रंग अडवतात. गाबाची दारे बंद करणाऱ्या पिक्रोटॉक्सिनने रोध विरला तर त्यामागे गाबा आहे असे मानतात.

कोकणच्या किनाऱ्यावर मिळणारी काटेरी शेवंडही शेपटीच्या झटक्याने मागे पळते, म्हणून तिच्यातही हेच मंडल असेल असे वाटते. पण त्याच कुळातल्या अटलांटिककडच्या एका जातीत महातंतू सापडले नाहीत. तिथे झटका आहे, पण तो या नोंदीत सांगितलेल्या वाटेने येत नाही.