विजेटची रंगसंगती आणि अक्षरसंगती

फोनच्या होम स्क्रीनवरील घड्याळ, तारीख, हवामान, बॅटरी यांसारख्या विजेटांचे रंग आणि फॉन्ट बदलून सगळा पडदा एकाच धाटणीचा करणे, म्हणजे ही संगती. अँड्रॉइडवर विजेट पहिल्यापासून होती. आयफोनच्या होम स्क्रीनवर ती सप्टेंबर 2020 मध्ये आयओएस 14 सोबत आली. तेव्हा विजेटस्मिथ हे ॲप झपाट्याने पसरले आणि हा छंद घरोघरी पोहोचला. अँड्रॉइड 12 पासून वॉलपेपरमधूनच रंग उचलण्याची सोय आहे, पण त्यात छटा फोन ठरवतो. नेमकी छटा आपल्या हातात हवी असेल, तर अँड्रॉइडवर KWGT सारखे ॲप लागते.

KWGT मध्ये आधी रिकामे विजेट होम स्क्रीनवर ठेवायचे, मग त्यावर टॅप करून आत मजकूर जोडायचा. मजकुराच्या जागी सूत्र लिहितात:

```
$df(EEEE)$
$df(hh:mm)$
```

पहिल्याने वार दिसतो, दुसऱ्याने वेळ. फोनची भाषा मराठी असेल तर वार ‘सोमवार’ असा येतो. रंग प्रत्येक ओळीला वेगळा देण्याऐवजी Globals मध्ये एकदा नोंदवून सगळ्या ओळी त्याला जोडाव्यात, म्हणजे पुढे एका जागी बदलला की पूर्ण विजेट बदलते. दुसऱ्या विजेटमध्ये मात्र रंगाचा तोच कोड पुन्हा भरावा लागतो.

मातकट धाटणीचे उदाहरण घेऊ. पार्श्वभूमी साय रंगाची, तिचा कोड #F4EBDD. त्यावर तपकिरी #5B4636 अक्षरांचा उजेड-अंधाराचा फरक सुमारे 7.5 पट पडतो, म्हणून ती उन्हातही वाचता येतात. शेवाळी #7A8B6F तिथे देखणा दिसतो, पण फरक जेमतेम 3 पट. बारीक मजकुरासाठी वेबवरच्या सुगम्यतेच्या निकषांत किमान 4.5 मागतात. त्यामुळे शेवाळी रंग तारखेला न देता मोठ्या आकड्यांना किंवा रेघेला द्यावा.

मराठी वापरणाऱ्याची खरी अडचण फॉन्टची असते. नक्षीदार फॉन्ट बहुधा फक्त रोमन लिपीचे असतात. त्यात देवनागरी अक्षर नसले की फोन गुपचूप स्वतःचा फॉन्ट लावतो. खूण सोपी आहे: 10:45 वळणदार दिसते आणि शेजारचा ‘सोमवार’ साधा सरळ. म्हणून फॉन्ट निवडताना ‘ज्येष्ठ’ किंवा ‘शुक्रवार’ लिहून पाहावे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे दोन्ही लिप्यांचे फॉन्ट मोफत मिळतात. ‘मुक्त’मध्ये जाडीचे 7 प्रकार असल्याने एकाच फॉन्टमध्ये वार बारीक आणि वेळ ठसठशीत ठेवता येते. चौकट फार आवळली तर वेलांटी किंवा रफार वरून कापला जातो. अशा वेळी अक्षर लहान करण्यापेक्षा चौकटीची उंची थोडी वाढवलेली बरी.