शक्ती वक्र (नमुन्याच्या आकारानुसार)

एखादा फरक खरोखरच असेल, तर संख्याशास्त्रीय चाचणीत तो पकडला जाण्याची जी संभाव्यता असते, तिला त्या चाचणीची ‘शक्ती’ म्हणतात. परिणामाचा आकार, म्हणजे तो फरक किती मोठा आहे, आणि सार्थकता पातळी, म्हणजे नसलेला फरक दिसण्याची चूक किती प्रमाणात चालवून घ्यायची, या दोन गोष्टी ठरवून ठेवायच्या आणि फक्त नमुन्याचा आकार वाढवत न्यायचा. दर आकाराला शक्ती किती भरते ते आलेखावर मांडले की जी रेषा मिळते, तो शक्ती वक्र. आडव्या अक्षावर नमुन्याचा आकार असतो आणि उभ्या अक्षावर ० ते १ (किंवा ० ते १०० टक्के) शक्ती. शक्तीची कल्पना संख्याशास्त्रज्ञ जर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांच्या १९३३ च्या सुमारास मांडलेल्या परिकल्पना-चाचणीच्या सिद्धांतातून आली.

एक उदाहरण घेऊ. रक्तदाबाच्या दोन औषधांची तुलना करायची आहे. वरच्या रक्तदाबात ८ मिमी पाऱ्याचा फरक पडला तर तो वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा, असे डॉक्टर मानतात. माणसामाणसांत रक्तदाब किती पसरलेला आहे त्याचे माप, म्हणजे प्रमाण विचलन, १६ मिमी आहे. ८ भागिले १६ म्हणजे परिणामाचा आकार ०.५. सार्थकता पातळी नेहमीची ०.०५, चाचणी दोन गटांच्या सरासरींची तुलना करणारी टी-चाचणी, दोन्ही बाजूंची, म्हणजे फरक कोणत्याही दिशेने असला तरी पकडणारी. आता प्रत्येक गटात किती रुग्ण घ्यायचे?

गटात १० रुग्ण असतील तर शक्ती सुमारे १८ टक्के येते. म्हणजे औषधांत खरा फरक असूनही दर पाचांपैकी चार अभ्यास ‘फरक आढळला नाही’ असेच सांगतील. २० रुग्णांना ३४ टक्के, ४० ना ६०, ६४ ना ८०, १०० ना ९४ आणि १५० ना ९९ टक्के. २० वरून ४० वर जाताना २० जादा रुग्णांनी २६ टक्क्यांची भर घातली. १०० वरून १५० वर जाताना ५० रुग्ण वाढवूनही पदरात पडले पाचच टक्के.

असे का होते? दोन सरासरींमधील फरक नमुन्यागणिक किती इकडेतिकडे होतो त्याचे माप म्हणजे प्रमाण त्रुटी; ती नमुन्याच्या आकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. गटात १६ रुग्ण असताना ती सुमारे ५.७ मिमी असते. तिची निम्मी, म्हणजे २.८ करायची तर रुग्ण दुप्पट करून भागत नाही, चौपट, म्हणजे ६४ करावे लागतात. त्या ठिकाणी खरा फरक प्रमाण त्रुटीच्या २.८३ पट होतो आणि चाचणीचा उंबरठा, म्हणजे फरक ‘सार्थक’ ठरण्यासाठी ओलांडावी लागणारी मर्यादा, असतो सुमारे १.९६ वर. निरीक्षणात येणारा फरक घंटेच्या आकारात या २.८३ भोवती पसरलेला असतो, आणि त्या घंटेचा जेवढा भाग उंबरठ्यापलीकडे पडतो तेवढी शक्ती. सूत्र अंदाजे असे:

```
power ≈ Φ( d·√(n/2) − 1.96 )
```

इथे `n` म्हणजे एका गटातील संख्या, `d` म्हणजे परिणामाचा आकार आणि `Φ` म्हणजे प्रमाण सामान्य वितरणाचे संचयी फलन. नमुना वाढला की घंटा उजवीकडे सरकते. तिचा फुगीर मधला भाग उंबरठा ओलांडत असतो तोवर शक्ती भराभर वाढते. मागे नुसती निमुळती शेपटी उरली की वक्र सपाट होत जातो. १०० टक्के मात्र कधीच गाठले जात नाहीत. दुसऱ्या टोकाला वक्र शून्यापासूनही निघत नाही. नमुना अगदी लहान असला तरी योगायोगाने ‘सार्थक’ निकाल येण्याची ५ टक्के शक्यता असतेच, त्यामुळे त्याची सुरुवात सार्थकता पातळीच्या आसपास होते.

या वक्राचे वर्णन सरसकट ‘इंग्रजी एस अक्षरासारखा’ असे केले जाते. ते तपासून घेण्यासारखे आहे. सार्थकता पातळी ०.०५ असताना खालचा बाक इतका किरकोळ असतो की सुरुवातीला रेषा जवळजवळ सरळ चढते आणि मग वरच्या टोकाकडे सपाट होत जाते. पातळी ०.०१ केली की तो बाक डोळ्यांना दिसू लागतो आणि वळणबिंदू, म्हणजे चढाचा वेग वाढायचा थांबून घटू लागतो ती जागा, सुमारे ३२ टक्के शक्तीजवळ येतो. संपूर्ण जनुकसंच धुंडाळणाऱ्या अभ्यासांत पातळी ०.०००००००५ इतकी कडक ठेवतात. तिथे वक्र बराच काळ जमिनीलगत पडून राहतो आणि मग एकदम उसळतो. अशा अभ्यासात नमुना थोडासा अपुरा असला तरी जवळजवळ काहीच हाती लागत नाही, याचे कारण हेच.

८० टक्क्यांची रेघ बहुतेक आलेखांवर आखलेली असते. ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांच्यामुळे रूढ झाली. खरा फरक हुकण्याची चूक २० टक्के आणि नसलेला फरक दिसण्याची चूक ५ टक्के चालवून घ्यावी, म्हणजे दुसरी चूक पहिलीच्या चौपट गंभीर मानावी, असा त्यांचा हिशेब होता. हा संकेत आहे, निसर्गनियम नव्हे. आपल्या उदाहरणात ९० टक्के शक्तीसाठी गटात ८६ रुग्ण लागतात. हुकलेल्या फरकाची किंमत मोठी असेल तर ते २२ जादा रुग्ण महाग नाहीत. याच कोहेन यांनी १९६२ मध्ये एका मानसशास्त्रीय नियतकालिकातील लेख तपासले, तेव्हा मध्यम आकाराच्या परिणामासाठी सरासरी शक्ती ४८ टक्के निघाली होती. म्हणजे नाणे उडवल्यासारखीच स्थिती.

आर या संगणकप्रणालीत वक्रावरचा एक बिंदू असा काढता येतो; `n` बदलत गेले की पूर्ण वक्र मिळतो.

```r
power.t.test(n = 64, delta = 8, sd = 16,
             sig.level = 0.05)
```

उत्तर ०.८०१ येते. ही ६४ संख्या शेवटपर्यंत टिकणाऱ्या रुग्णांची आहे. १५ टक्के रुग्ण अर्ध्यावर सोडून जातील असे धरले, तर सुरुवातीला प्रत्येक गटात ७६ घ्यावे लागतात.

सगळ्यात मोठी फसगत मात्र परिणामाचा आकार ठरवताना होते. वक्र रेखीव दिसतो, पण तो उभा असतो आपण गृहीत धरलेल्या ०.५ वर. प्रत्यक्षात परिणाम ०.३५ असेल तर ६४ रुग्णांची शक्ती ८० वरून सुमारे ५० टक्क्यांवर घसरते. लागणारा नमुना परिणामाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने हा घाव खोल जातो: ८० टक्क्यांसाठी ०.८ च्या परिणामाला गटात २६ माणसे पुरतात, ०.२ ला ३९४ लागतात. छोट्या प्राथमिक अभ्यासात दिसलेला फरक जसाच्या तसा उचलला तर हीच चूक घडते, कारण छोट्या अभ्यासात सार्थक ठरलेले फरक बहुधा फुगलेले असतात. म्हणून एकाच आलेखावर ०.३, ०.४, ०.५ असे दोन-तीन वक्र काढावेत. अभ्यास संपल्यावर, हाती आलेलाच फरक वापरून शक्ती काढण्याची पद्धतही निरुपयोगी आहे. खरा फरक नसताना इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची संभाव्यता म्हणजे निकालाचे पी-मूल्य; ते ०.०५ आले की ही ‘शक्ती’ जवळपास ५० टक्केच येते. पी-मूल्यात नव्हते असे काहीही ती सांगत नाही.

नमुना वाढला की शक्ती वाढतेच, हे विधानही पूर्णांकांत गणती करून मिळणाऱ्या आकड्यांच्या, अंदाजे सूत्र न वापरता नेमकी संभाव्यता काढणाऱ्या चाचण्यांना लागू पडत नाही. एखादे नाणे छापाकडे झुकलेले आहे का, हे ०.०५ पातळीवर एकाच बाजूने तपासायचे आहे आणि छाप पडण्याची खरी संभाव्यता ०.७ आहे असे समजा. ८ फेकींत किमान ७ छाप हवेत, शक्ती २५.५ टक्के. ९ फेकींत किमान ८ हवेत, शक्ती १९.६. १० फेकींत किमान ९ हवेत आणि शक्ती १४.९ पर्यंत खाली येते. ११ फेकींना मात्र ९ छाप पुरतात आणि ती ३१.३ वर उडी घेते. छापांची संख्या पूर्णांकातच वाढते, त्यामुळे पातळी नेमकी ०.०५ ठेवता येत नाही आणि वक्राला करवतीचे दाते येतात. अशा वेळी ८० टक्क्यांची रेघ पहिल्यांदा ओलांडणारी संख्या न घेता, जिच्यानंतर वक्र पुन्हा त्या रेघेखाली येत नाही ती संख्या निवडतात.