रिकामं शेत म्हणजे वाया गेलेलं शेत?

“ज्या शेतात पीक उभं नाही, ती जमीन शेतकऱ्यानं वाया घालवलेली असते.”

शहरातून शिवार बघायला आलेल्याला असं वाटणं साहजिक आहे. उघडी काळी माती, त्यात काहीच नाही! पण आधी खाली बघा. तण माजलंय, की माती वखरून भुसभुशीत केलीय? तण असेल तर रान खरंच सोडून दिलेलं असू शकतं. वखरलेलं असेल तर ती मुद्दाम ठेवलेली ‘पड’ आहे. जिथे ओलीत, म्हणजे पिकाला बाहेरून पाणी देण्याची सोय नाही, तिथे भारी जमीन पावसाळाभर मोकळी ठेवून पाणी मातीत मुरवतात आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी घेतात. तण काढायचं कारण एवढंच, की ते हीच ओल पिऊन टाकतं.

पडताळा सोपा आहे. वीतभर खणा, मूठभर माती दाबा. गोळा टिकला तर खाली ओल आहे.

हलक्या, उथळ जमिनीत मात्र हे जमत नाही. तिच्यात पाणी थांबतच नाही. उतारावरची उघडी माती तर पावसात वाहून जाते.

पाणी असेल तर पड ठेवण्याऐवजी फेरपालट करतात: ज्वारीनंतर हरभरा. हरभऱ्याचं रोप हलकेच उपटून मुळावरची गाठ कापा. आतून गुलाबी दिसली, तर ती हवेतला नत्र बांधते आहे.