कूपन आणि स्लॅब डिस्काउंट : आधी कुठलं, नंतर कुठलं

ऑनलाइन दुकानात किंवा बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये एकाच ऑर्डरवर दोन सवलती लागू शकतात, एक म्हणजे जास्त नग घेतले की दर उतरतो ती स्लॅब सवलत आणि दुसरी म्हणजे गिऱ्हाईक चेकआउटला टाकतो तो कूपन कोड. दोन्ही एकत्र आल्या की आधी कुठली लावायची, ह्याचा नियम लिहून ठेवावा लागतो, नाहीतर तीच ऑर्डर दोन ठिकाणी दोन रकमा दाखवते.

समजा वह्यांचं दुकान आहे. 1 ते 49 वह्या 40 रुपयांनी, 50 ते 99 घेतल्या तर 36 नी, आणि 100 किंवा जास्त घेतल्या तर 32 नी. इथे पहिला प्रश्नच असा की उतरलेला दर सगळ्या नगांना द्यायचा की फक्त त्या टप्प्यातल्या नगांना. सगळ्यांना दिला तर 100 वह्यांचे 3200 होतात, टप्प्याटप्प्याने धरलं तर पहिल्या 49 चे 1960, पुढच्या 50 चे 1800 आणि शेवटच्या एकीचे 32, म्हणजे 3792. स्ट्राइप ह्या ऑनलाइन पेमेंट सेवेत पहिल्या पद्धतीला `volume` आणि दुसरीला `graduated` म्हणतात. पहिली पद्धत गिऱ्हाइकाला पटकन कळते पण तिच्यात एक खड्डा आहे, 99 वह्यांचे 3564 आणि 100 चे 3200, म्हणजे एक वही जास्त घेतली की बिल 364 नी कमी. 89 वह्यांपासून पुढे 100 घेणंच स्वस्त पडतं. शाळा-क्लासवाले हा हिशोब बरोबर करतात, त्यामुळे दुकानदाराने तो आधीच करून ठेवावा.

आता कोणी 120 वह्या घेतल्या आणि 10 टक्क्यांचं कूपन टाकलं. मूळ दराने 4800, पहिल्या पद्धतीच्या स्लॅबने 3840. कूपन 4800 वर मोजलं तर 480 सुटतात, 3840 वर मोजलं तर 384. माझ्या मते स्लॅब आधी लावणंच बरोबर, कारण स्लॅबचा दर हीच त्या ऑर्डरची खरी किंमत आहे आणि कूपन त्या किमतीवरची वेगळी सूट आहे, मग 3456 आले की, त्या मालाला जीएसटी लागू असेल तर, तो त्यावर. बिलावर दाखवलेली सवलत करपात्र रकमेतून वजा होते म्हणून कर सगळ्यात शेवटी. कूपनला ‘किमान 4000 ची खरेदी’ अशी अट असेल तर तीसुद्धा कुठल्या रकमेवर तपासायची ते ठरवा, कारण वरची ऑर्डर 4800 धरली तर पास आणि 3840 धरली तर नापास, आणि भांडणं बहुतेक इथेच होतात.

वापराची मर्यादा दोन प्रकारची, कोड एकूण किती वेळा चालेल आणि एका गिऱ्हाइकाला किती वेळा. एकूण मर्यादा 100 असेल आणि शंभराव्या जागेसाठी दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर ‘आधी वाचा, मग वाढवा’ असा कोड दोघांनाही सूट देऊन टाकतो. म्हणून तपासणी आणि वाढ डेटाबेसच्या एकाच आदेशात करतात:

```sql
UPDATE coupons SET used = used + 1
WHERE code = 'SHALA10' AND used < max_uses;
```

टेबलमधली एक ओळ बदलली तर कूपन मिळालं, शून्य बदलल्या तर संपलं. पेमेंट फेल झालं किंवा ऑर्डर रद्द झाली तर तो एक वापर परत सोडायचा, नाहीतर काउंटर 100 दाखवतो आणि खऱ्या ऑर्डरी त्याहून कमी निघतात. गडबड ओळखायची खूण हीच.

मुदतीचा घोळ तारखेपेक्षा वेळेत असतो. वूकॉमर्स ह्या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पायरी 31 ऑक्टोबर टाकली तर कूपन त्या दिवशीच्या 00:00 लाच संपतं, म्हणजे जाहिरातीत ‘31 पर्यंत’ वाचून सकाळी आलेल्याला ते चालत नाही. दुसरीकडे, सर्व्हर आपल्या साडेपाच तास मागे असलेल्या यूटीसी वेळेवर असेल आणि मुदत 31 च्या मध्यरात्रीपर्यंत ठेवली असेल, तर आपल्याकडे 1 नोव्हेंबरच्या पहाटे साडेपाचपर्यंत कोड चालत राहतो. त्यामुळे ‘1 नोव्हेंबर 00:00 भारतीय वेळेच्या आधी’ अशी मुदत लिहावी, यूटीसीमध्ये ती 31 ऑक्टोबर 18:30 होते.

माल परत आला की हे सगळे नियम पुन्हा उघडतात. त्याच 120 मधल्या 30 वह्या परत आल्या, कूपन नव्हतं असं धरू, तर 30 गुणिले 32 म्हणजे 960 परत द्यायचे की उरलेल्या 90 वह्यांना आता 36 चा दर लावून, 3840 मधून 3240 वजा जाता, फक्त 600 द्यायचे? दोन्ही पद्धती चालतात, पण 600 वाली निवडली तर ती ऑर्डर घेतानाच गिऱ्हाइकाला दिसली पाहिजे.