कसर आणि जमा: नाशिकरोडच्या फलाटावरचा प्रश्न

माझी थोरली बहीण जुन्या नाशकात, कोकणीपुऱ्यात दिलेली आहे. आम्ही हनफी, तिच्या सासरचे कोकणी, म्हणजे शाफई. एकदा दुल्हेभाईंबरोबर दुपारच्या गाडीने मुंबईला निघालो होतो. नाशिकरोडच्या फलाटावर ते म्हणाले, ‘‘आपण मुसाफिर. जोहर दोन रकात पढतो आणि असरही आत्ताच उरकून घेतो.’’ मी त्यांना थांबवलं. त्या एका वाक्यात दोन वेगळ्या सवलती एकत्र आल्या होत्या, आणि त्या जागी दोन्ही लागू नव्हत्या.

कसर म्हणजे रकाती कमी करणं. जोहर, असर आणि इशा यांच्या चार फर्ज रकातींच्या दोन होतात. फजरच्या दोन आणि मगरिबच्या तीन तशाच राहतात. जमा म्हणजे वेळ एकत्र करणं: जोहर-असर एका वेळेत, मगरिब-इशा एका वेळेत. जमामुळे एकही रकात घटत नाही आणि कसरमुळे नमाजेची वेळ हलत नाही. फजर कशातच मिसळत नाही.

खरा फरक जमामध्ये आहे. शाफई मुसाफिराला दोन नमाजा पहिलीच्या वेळेत किंवा दुसरीच्या वेळेत एकत्र पढता येतात. असर आधी ओढायची, तर जोहर पहिली हवी, ती संपण्याआधी जमाची नियत हवी आणि दोन्हींमध्ये मोठा खंड नको. जोहर पुढे ढकलायची, तर तिची वेळ संपण्याआधी तशी नियत करावी लागते. हनफींकडे हजमध्ये अरफात आणि मुजदलिफा सोडले तर जमा नाही. प्रवासात हनफी माणूस जोहर वेळेच्या शेवटी आणि असर तिच्या वेळेच्या सुरुवातीला पढतो. लोक त्यालाही जमा म्हणतात, पण तिथे प्रत्येक नमाज आपापल्या वेळेतच असते. उलट कसर हनफींकडे वाजिब आहे. शाफईंकडे ती परवानगी आहे, पूर्ण चार पढल्या तरी चालतं.

आता फलाटाचा मुद्दा. प्रवास घरातून नव्हे, गावची वस्ती मागे पडल्यावर सुरू होतो, यावर दोन्ही मजहब एकमत आहेत. नाशिकरोड नाशिक महापालिकेत आहे आणि शहरातल्या द्वारका चौकापासून तिथपर्यंत वस्ती सलग आहे. तिथे पढायची तर जोहर चार रकातच, आणि असर ओढून घेता येत नाही. गाडी वस्तीबाहेर पडल्यावर जोहरची वेळ शिल्लक असेल, तर आम्ही दोघेही ती दोन रकात पढू शकत होतो, आणि दुल्हेभाई तिला लागूनच असरही दोन. आम्ही तसंच केलं. मी असर तिची वेळ झाल्यावर वेगळी पढलो.

अंतर एकेरी मोजतात, जाऊन-येऊन नव्हे. शाफईंचं माप दोन मजलांचं, म्हणजे ४८ मैलांचं. इब्न उमर आणि इब्न अब्बास चार बरीदांवर, म्हणजे तेवढ्याच अंतरावर कसर करत, हा त्याचा आधार. हनफींचं मूळ माप तीन दिवसांच्या वाटचालीचं. भारतातल्या हनफी उलमांनी तेही ४८ मैल धरलं, पण इंग्रजी मैल, म्हणून सुमारे ७७ किलोमीटर. शाफईंचा जुना मैल वेगळा असल्याने त्यांचा आकडा साधारण ८१ किंवा त्याहून थोडा वर सांगतात. मुंबई किंवा मालेगावला जाताना या फरकाने काही बिघडत नाही, त्र्यंबक-इगतपुरीला तर प्रश्नच नाही. अडचण येते मनमाडसारख्या ठिकाणी. नाशिकरोडहून रेल्वेने ते ७३ किलोमीटरच्या आसपास आहे, चांदवडवरून रस्त्याने जास्त पडतं. हनफींकडे ज्या वाटेने गेलात तीच मोजतात. शाफईंकडे लांबची वाट केवळ कसरसाठी धरली असेल, तर ती धरत नाहीत.

मुक्कामाचा हिशेब सर्वांत जास्त चुकतो. आम्ही गुरुवारी मुंबईत पोचलो आणि पुढच्या बुधवारी परतणार होतो. हे आधीच ठरलेलं होतं. हनफींची मर्यादा एका ठिकाणी १५ दिवस राहण्याच्या नियतीची, म्हणून मी सगळे दिवस कसर केली. शाफईंकडे येण्या-जाण्याचे दिवस वगळून पूर्ण चार दिवस राहायचं ठरलं की माणूस मुकीम होतो. मुहाजिरांना हजनंतर मक्केत तीनच दिवस थांबायची मुभा होती, तेव्हा तीनपर्यंत मुसाफिरी आणि चारला मुक्काम, असं ते मांडतात. शुक्रवार ते मंगळवार पाच दिवस भरले, म्हणून दुल्हेभाईंची कसर आणि जमा मुंबईत पोचताच संपली. काम कधीही उरकेल आणि आपण निघू, अशी अवस्था असती तर शाफईंकडे १८ दिवसांपर्यंत आणि हनफींकडे कितीही दिवस कसर चालली असती.

मोहल्ल्याच्या मशिदीत मात्र मीही चारच रकात पढलो. मुकीम इमामामागे उभं राहिलं की मुसाफिरालाही पूर्ण पढावी लागते, हे दोन्हीकडे सारखं आहे.