फोटो कार्डावर जातात, मग अलार्मचं ॲप का जात नाही?

तासगावच्या आमच्या काकांची द्राक्षबाग आहे आणि फोन 32 जीबीचा. डावणीचा डाग पडलेल्या पानाचे, घडाचे, औषधाच्या बाटलीवरच्या लेबलचे असे रोज फोटो काढायचे आणि सल्लागाराला पाठवायचे, त्यामुळं "स्टोरेज फुल" हे ठरलेलंच. कार्ड आणून घातलं आणि म्हणाले, सगळं तिकडं ढकल. फोटो गेले. एक-दोन गेमपण गेले. पण रात्रीच्या लाईटला मोटर सुरू करायला उठवणारं अलार्मचं ॲप काही केल्या जाईना, मराठी कीबोर्डही नाही, आणि काकांना वाटलं कार्डच खराब निघालं.

कार्डात काही बिघाड नव्हता. सेटिंग्जमध्ये Apps मध्ये जाऊन एखादं ॲप उघडलं आणि Storage वर गेलं की काही फोनमध्ये Change असं बटण दिसतं, त्यातून ॲप कार्डावर हलवता येतं. ते बटण दिसायला आधी फोन बनवणाऱ्या कंपनीनं ही सोय चालू ठेवलेली पाहिजे, बऱ्याच कंपन्यांनी ती काढूनच टाकलीय. आणि दुसरं म्हणजे ॲप लिहिणाऱ्यानं परवानगी दिलेली पाहिजे. ही परवानगी ॲपच्या आत एका ओळीत असते:

```
android:installLocation="auto"
```

अँड्रॉइड 2.2 पासून, म्हणजे 2010 पासून ही सोय आहे. ही ओळ लिहिलीच नाही तर फोन असं धरतो की हे ॲप आतल्या मेमरीतच राहणार.

आता अलार्मवाला ही परवानगी का देत नाही ते बघा. फोन बंद करून चालू केला की अँड्रॉइड सगळ्या ॲप्सना एक निरोप पाठवतो, "फोन सुरू झाला". अलार्मचं ॲप हा निरोप ऐकून आपले ठरलेले अलार्म परत लावून घेतं, कारण फोन बंद झाला की आधी लावलेले पुसले जातात. पण हा निरोप कार्ड जोडलं जायच्या आधीच निघून जातो. म्हणजे ॲप कार्डावर असेल तर त्याला तो कधी मिळतच नाही, आणि रात्री दोनला लाईट येते, अलार्म वाजत नाही, बाग कोरडी राहते. कीबोर्ड, विजेट, लाईव्ह वॉलपेपर यांचं पण असंच, कार्ड निघालं की तिथं चालू असलेली ॲप्स अँड्रॉइड तिथल्या तिथं बंद करतो, मग टाईप कशानं करायचं? त्यामुळं अशी ॲप्स अडून बसतात ती आपल्या भल्यासाठीच.

अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला स्वतःची कुलूपबंद खोली असते, दुसऱ्या ॲपला तिथं शिरता येत नाही. पण साधं कार्ड ज्या पद्धतीनं फॉरमॅट केलेलं असतं, त्यात कुठली फाईल कुणाच्या मालकीची ही नोंदच ठेवता येत नाही. म्हणून या जुन्या पद्धतीत हलवलेलं ॲप एका एन्क्रिप्टेड डब्यात ठेवतात आणि त्याचा खाजगी डेटा, डेटाबेस वगैरे फोनमध्येच राहतो. म्हणून ॲप 200 एमबीचं असलं तरी हलवल्यावर 200 एमबी काही सुटत नाहीत.

2015 च्या अँड्रॉइड 6 मध्ये कार्ड फोनचाच भाग करून टाकायची सोय आली, ती सगळ्या फोनमध्ये मिळत नाही. त्यात कार्ड पुसून एन्क्रिप्ट होतं आणि मग दुसऱ्या कुठल्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरवर वाचता येत नाही, फोन मेला तर कार्डावरचंही गेलं. बागेचे फोटो असतील तर मी तरी हे करणार नाही.

म्हणून काकांसाठी खरी जागा फोटोतच होती. एक फोटो 3-4 एमबी धरला तर दोन हजार फोटो म्हणजे 6 ते 8 जीबी. आधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये साठवायची जागा SD card केली. मग फाईल्सच्या ॲपमधून DCIM मधलं Camera फोल्डर कॉपी केलं, कट नाही, कारण मध्येच कार्ड निसटलं तर अर्धवट फाईल राहते. कार्डावरून सुरवातीचे आणि शेवटचे फोटो उघडून बघितले, मगच फोनमधले डिलीट केले आणि ट्रॅश रिकामा केला, तोपर्यंत जागा सुटत नाही. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो मात्र हलवले नाहीत, नुसते कॉपी केले, कारण त्याच्या फोल्डरमधून फाईल उचलली की चॅटमधला फोटो उघडत नाही.

ॲप्स ठेवायचीच असतील तर कार्डावर A1 किंवा A2 छापलेलं बघून घ्या. Class 10 हा आकडा सलग लिहायच्या वेगाचा असतो, व्हिडिओसाठी ठीक. ॲपला बारीक बारीक तुकडे इकडून तिकडून वाचायला लागतात, त्यासाठी A1 मध्ये सेकंदाला किमान 1500 वेळा वाचायची हमी असते आणि A2 मध्ये 4000. हे छापलेलं नसलेल्या कार्डावर गेम टाकला आणि अडकत चालला तर तो परत फोनमध्ये घ्या.