रस्त्याच्या भरावाचे घनफळ

रस्ता नैसर्गिक जमिनीपेक्षा उंचीवरून न्यायचा असेल तर मातीचा किंवा मुरमाचा जो बांध घालतात, त्याला भराव म्हणतात. भरावाचा आडवा छेद समलंब चौकोनी असतो. माथ्याची रुंदी र, उंची ह आणि बाजूचा उतार न:१ मानल्यास, म्हणजे एक मीटर खाली उतरताना बाजू न मीटर बाहेर सरकत असल्यास, पायाची रुंदी र + २नह इतकी होते आणि छेदाचे क्षेत्रफळ रह + नह² इतके येते. भारतातील रस्त्यांच्या कामात उताराचे आडवे अंतर सहसा आधी सांगतात व मातीच्या भरावाला बहुधा २:१ उतार ठेवतात. काही नकाशांत मात्र उभे अंतर आधी लिहिलेले असते. त्यामुळे आकडा वापरण्यापूर्वी छेदचित्र पाहणे आवश्यक ठरते.

उंची सर्वत्र सारखी असेल तर क्षेत्रफळाला लांबीने गुणले की घनफळ मिळते. पण पुलाच्या पोचरस्त्यावर किंवा नाल्याकडे उतरणाऱ्या जमिनीवर उंची सतत बदलते आणि क्षेत्रफळाच्या सूत्रात उंचीचा वर्ग आहे. दोन टोकांवरून मधल्या भागाचा अंदाज कसा बांधावा, हा या विषयातील खरा प्रश्न आहे. त्यासाठी तीन रीती प्रचलित आहेत. पहिल्या रीतीत दोन्ही टोकांच्या उंचींची सरासरी काढून तिच्यावरून एकच छेद घेतात. दुसऱ्या रीतीत दोन्ही टोकांची क्षेत्रफळे काढून त्यांची सरासरी घेतात. तिसऱ्या रीतीत दोन्ही टोकांची क्षेत्रफळे आणि मधल्या छेदाच्या क्षेत्रफळाची चौपट यांची बेरीज करून तिला सहाने भागतात व लांबीने गुणतात.

उदाहरणार्थ, १०० मीटर लांबीचा भराव घेऊ. मातीकामाच्या माथ्याची रुंदी ७.५ मीटर, उतार २:१, एका टोकाला उंची १ मीटर आणि दुसऱ्याला ३ मीटर असून ती मध्ये एकसारखी वाढते. टोकांची क्षेत्रफळे ९.५ आणि ४०.५ चौरस मीटर येतात. मध्यावर उंची २ मीटर, म्हणून तेथील क्षेत्रफळ २३ चौरस मीटर. पहिल्या रीतीने घनफळ २,३०० घनमीटर, दुसरीने २,५०० आणि तिसरीने २,३६७ (पूर्णांकात) येते. यांपैकी तिसरे उत्तर अचूक आहे. पहिली रीत नेहमी कमी आणि दुसरी नेहमी जास्त भरते, आणि दुसरीची चूक पहिलीच्या बरोबर दुप्पट असते. टोकांच्या उंचींतील फरकाचा वर्ग गुणिले न गुणिले लांबी, भागिले सहा, इतकी ही दुसऱ्या रीतीची चूक असते. वरच्या उदाहरणात ती सुमारे १३३ घनमीटर, म्हणजे साधारण ४७ ब्रास आहे. माथ्याची रुंदी या चुकीत येतच नाही. ती फक्त बाजूंच्या उतारी भागातून उद्भवते.

या तीन रीतींमधील संबंध भारतीय गणितात बराच आधी नोंदलेला आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधील आपल्या सिद्धांतग्रंथाच्या बाराव्या अध्यायात, खाली निमुळत्या होत जाणाऱ्या खड्ड्यांसाठी, सरासरी मापांवरून काढलेल्या घनफळाला व्यावहारिक आणि सरासरी क्षेत्रफळावरून काढलेल्याला औत्र म्हटले आहे. औत्रातून व्यावहारिक वजा करून बाकीचा तिसरा हिस्सा व्यावहारिकात मिळवला की सूक्ष्म फळ मिळते, असा त्याचा नियम आहे. वरच्या आकड्यांवर तो लावल्यास २,५०० उणे २,३०० म्हणजे २००, त्याचा तिसरा हिस्सा सुमारे ६७, आणि उत्तर २,३६७ येते. नियम खड्ड्यासाठी असूनही तो भरावाला लागू पडतो, कारण दोन्हीकडे छेदाचे क्षेत्रफळ अंतराच्या वर्गापर्यंतच्या पदांनी बनलेले असते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (सु. ११५०) हाच विचार सहाने भागण्याच्या रूपात येतो. मुखाचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ आणि मुख व तळ यांच्या भुजांच्या बेरजांवरून काढलेले क्षेत्रफळ यांच्या बेरजेला सहाने भागून खोलीने गुणावे, असे तेथे सांगितले आहे. १२ हात बाय १० हात मुख, ६ बाय ५ तळ आणि ७ हात खोली असलेल्या खड्ड्याचे उत्तर ४९० घनहस्त येते. बेरजांवरून काढलेले क्षेत्रफळ हे मधल्या छेदाच्या चौपट असते, त्यामुळे आजची तिसरी रीत आणि हा नियम एकच आहेत.

या नियमाचा उगम कोठे शोधावा याबद्दल एकमत नाही. इजिप्तमधील मॉस्को पपायरसमध्ये (सु. इ. स. पू. १८५०) छाटलेल्या चौरस पिरॅमिडचे अचूक घनफळ आहे, पण रीत तेवढ्या एका उदाहरणातूनच दिसते. एका बाबिलोनी मृत्पट्टिकेतील गणित नॉयगेबाऊर यांनी ब्रह्मगुप्ताच्या नियमाशी जुळेल असे वाचले होते. ते वाचन वादग्रस्त आहे. त्यावरून थेट देवाणघेवाण मानण्यापेक्षा, खोदाई मोजणाऱ्या समाजांना स्थूल आणि सूक्ष्म उत्तरांमधील तफावत स्वतंत्रपणे जाणवली असावी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. ब्रह्मगुप्ताने स्थूल रीती टाकून न देता त्यांच्यावरच दुरुस्ती बसवली, हेही याच मताला पूरक आहे.

प्रत्यक्ष कामात सरासरी क्षेत्रफळाची रीत अधिक रूढ आहे, कारण तिला मधला छेद लागत नाही. तिची चूक कमी करण्याचा उपाय म्हणजे छेद जवळजवळ घेणे. वरच्या भरावाचे दर २५ मीटरच्या साखळीवर छेद घेतले तर दुसऱ्या रीतीचे उत्तर २,३७५ येते. चूक १३३ वरून ८ घनमीटरवर उतरते. जमीन आडव्या दिशेनेही उतरती असेल तर मात्र रह + नह² हे सूत्रच लागू होत नाही आणि प्रत्येक छेद पातळ्या घेऊन काढावा लागतो.

उंची मोजण्यातील चूक या सगळ्यापेक्षा भारी पडू शकते. उंची थोडी वाढली की क्षेत्रफळ जवळपास पायाच्या रुंदीच्या प्रमाणात वाढते. वरच्या उदाहरणात पायाची सरासरी रुंदी १५.५ मीटर आहे. भराव घालण्यापूर्वी गवत व मुळांसह १५ सेंटिमीटर माती खरवडून काढली, तर तेवढी जागा भरण्यासच सुमारे २३३ घनमीटर लागतात. पातळ्या खरवडण्याआधीच्या आहेत की नंतरच्या, हे मोजमाप पुस्तकात स्पष्ट नसेल तर दोन पक्षांचे हिशेब जवळपास दहा टक्क्यांनी वेगळे येतात.

सूत्राने मिळते ते दाबून पक्क्या केलेल्या भरावाचे घनफळ. खाणीतील किंवा शेजारच्या खड्ड्यातील माती त्याहून वेगळी जागा व्यापते. चीनमधील प्राचीन नवाध्यायी गणितग्रंथात खोदलेल्या जमिनीचे ४ भाग मोकळे होऊन ५ आणि पक्के ठोकल्यावर ३ होतात, असे गुणोत्तर दिले आहे. आज ते कोरड्या घनतेवरून काढतात. भरावात घनता दर घनमीटरला १.७१ टन आणि खड्ड्यातील मूळ जमिनीत १.५५ टन असेल, तर २,३६७ घनमीटर भरावाला सुमारे २,६११ घनमीटर खोदाई लागते. डंपरमध्ये सैल मातीची घनता १.२५ टन धरल्यास वाहतूक सुमारे ३,२३८ घनमीटरची होते. म्हणून गाड्यांच्या फेऱ्या मोजून भरावाचे घनफळ ठरवू नये. पूर्वी खड्ड्यात न खोदता राखलेल्या मातीच्या खांबांवरून खोली मोजत, पण त्यावरूनही खोदाईच कळते. भरावाचे मोजमाप मूळ जमिनीच्या आणि दबाई झालेल्या माथ्याच्या छेदांवरून घ्यावे लागते. मूळ जमिनीच्या पातळ्या पहिला थर पडण्यापूर्वी नोंदल्या नाहीत, तर त्या पुढे मोजण्याची सोय राहत नाही.